सनावळीला किती गुण द्यायचे?

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत इतिहास शिकवणाऱ्या, इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. ज्यांची मुले हा विषय शिकत आहेत त्या आईवडिलांनीही ती ऐकावी, कारण घरी अभ्यास तेच घेतात.

‘एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील स्त्री-शिक्षण व समाजसुधारणा यांचा आढावा घ्या’ हा प्रश्न शाळेत, महाविद्यालयात आणि स्पर्धा परीक्षेत या ना त्या रूपात येतोच. त्याचे उत्तरही आता ठरून गेले आहे. १८४८ भिडे वाडा, १८५६ विधवा पुनर्विवाहाचा कायदा, १८७३ सत्यशोधक समाज, १८८२ आर्य महिला समाज, १८८४ हुजूरपागा, १८८९ शारदा सदन, १८९६ अनाथ बालिकाश्रम. सात सने, सात नावे, प्रत्येकासमोर एक वाक्य. सगळे बरोबर असते, अक्षर नेटके असते, नावांखाली रेघा ओढलेल्या असतात. तपासणारा समाधानाने दहापैकी आठ देतो.

मी म्हणते, आठ देऊ नका. चार द्या आणि राहिलेले सहा कशासाठी राखून ठेवले होते ते विद्यार्थ्याला लिहून कळवा.

हे कठोर वाटेल. पण त्या सात सनांकडे नीट पाहा. पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये आणि मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, सुरू झाले १८८४ मध्ये. मध्ये छत्तीस वर्षे गेली. एका पिढीहून जास्त काळ. एवढा वेळ का लागला, हा प्रश्न त्या यादीला पडतच नाही. यादीत दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी बसलेल्या असतात आणि जणू एकामागून एक सहज घडल्या असे भासते.

कारण शोधायला गेलो की सारा विषय उलगडतो. मुलींची लग्ने आठव्या-नवव्या-दहाव्या वर्षी होत. शाळेच्या हाती मुलगी जेमतेम तीन-चार वर्षे येई, आणि अक्षरओळख होऊन वाचनाला गती येते न येते तोच ती सासरी जाई. मोठ्या मुलींना पुरुष मास्तरांनी शिकवणे घरच्यांना पसंत नसे, म्हणून शिक्षिका हव्या होत्या. शिक्षिका कुठून आणायच्या? शिकलेल्या स्त्रियांतून. आणि शिकलेल्या स्त्रिया कुठे होत्या? जिच्यावर संसाराचा भार नाही, जिला स्वतःच्या पायावर उभे राहायची सर्वात जास्त गरज आहे, अशी बाई म्हणजे तरुण विधवा. पण उच्चवर्णीय घरांत तिचे केशवपन करून तिला माजघरात बसवलेले असे. म्हणजे बालविवाह, विधवेची स्थिती आणि मुलींची शाळा हे तीन प्रश्न नव्हतेच. तो एकच गुंता होता. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली ती यामुळेच. त्यांनी १८८९ मध्ये शारदा सदन काढले ते मुख्यतः विधवांसाठी, आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला तोही विधवांसाठी, याचे कारणही हेच. तिथे शाळेचा प्रश्न आणि विधवेचा प्रश्न एका छपराखाली आले.

गाइडमध्ये मात्र ‘स्त्री-शिक्षण’ हा एक ठळक मथळा असतो आणि ‘विधवा विवाह’ हा दुसरा. मूल पहिला मथळा पाठ करते, मग दुसरा. दोन्हींच्या मधला धागा कुणी विचारत नाही, म्हणून ते शोधतही नाही. यात मुलाचा दोष फार थोडा आहे. प्रश्न काढणाऱ्याने ‘आढावा घ्या’ म्हटले, आदर्श उत्तरात पाच मुद्दे छापले, प्रत्येक मुद्द्यासमोर दोन गुण लिहिले. तपासनीस ते पाच मुद्दे सापडले की खूण करत पुढे जातो. यादी मागितली आणि यादी मिळाली. म्हणून सुरुवात आदर्श उत्तरापासूनच करायला हवी.

आपल्या कोल्हापूरचेच एक उदाहरण घेऊन सांगते. आनंदीबाई जोशींचे नाव प्रत्येक यादीत असते आणि त्यांच्यापुढे ‘पहिल्या महिला डॉक्टर’ एवढेच असते. त्यांच्यावर असा प्रश्न काढू या: ‘आनंदीबाई जोशींची कोल्हापूर येथील नेमणूक स्त्री-शिक्षणाची प्रगती दाखवते की मर्यादा? कारणे देऊन लिहा. गुण १०.’

या प्रश्नासाठी जी माहिती लागते ती थोडीच आहे. जन्म १८६५, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते काही दिवसांतच गेले. बाईला शिकवायचा गोपाळरावांचा हट्ट होता. अमेरिकेत सोय व्हावी म्हणून त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. हे वाइल्डर कोल्हापुरात कित्येक वर्षे काम केलेले. त्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, तो अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी घर देऊ केले. जाण्याआधी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण का जात आहोत ते सांगितले: हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम. डी. पदवी घेतली. कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाचे काम देऊ केले. हे हॉस्पिटल म्हणजे आजचे आपले सीपीआर. त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. नेमणूक झाली, पण रुग्णसेवा करायला त्या राहिल्या नाहीत.

आता दोन उत्तरे पाहू. दोन्ही मी नमुन्यासाठी रचली आहेत, पण तपासणाऱ्यांना ओळखीची वाटतील.

पहिले उत्तर असे: ‘आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. त्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टर होत्या. त्यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्यांना कोल्हापूर येथे नेमणूक मिळाली. महात्मा फुले यांनी १८४८ मध्ये शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी शारदा सदन स्थापन केले. महर्षी कर्वे यांनी स्त्रियांसाठी कार्य केले. अशा प्रकारे स्त्री-शिक्षणाची प्रगती झाली.’

दुसरे उत्तर असे: ‘कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा वेगळा विभाग होता. बायका पुरुष डॉक्टरांना दाखवून घेत नव्हत्या म्हणून बाई डॉक्टर पाहिजे होती. दरबाराने आनंदीबाईंना बोलावले, म्हणजे शिकलेल्या बाईला मान आणि पगार द्यायला एक संस्थान तयार झालं, ही प्रगती. पण त्यांना शिकायला अमेरिकेला जावं लागलं. नवऱ्याने मनावर घेतलं आणि परदेशातल्या एका बाईने मदत केली म्हणून जमलं. ज्या बाईचा नवरा असा नव्हता तिचं काय. आणि त्या लवकर गेल्या तर त्यांच्या जागी लगेच बसायला दुसरी बाई तयार नव्हती. म्हणून मला मर्यादा जास्त वाटते.’

दुसऱ्या उत्तरात एकही सन नाही. बोलीतली क्रियापदे आहेत, प्रश्नचिन्ह विसरले आहे. पहिल्यात दोन पूर्ण तारखा आहेत. जुन्या पद्धतीने पहिल्याला सात आणि दुसऱ्याला पाच पडतील. माझ्या मते पहिल्याला तीन आणि दुसऱ्याला सात पडायला हवेत. कसे ते सांगते.

दहा गुणांची वाटणी मी अशी करते: अचूक आणि प्रश्नाला लागू असलेल्या माहितीला जास्तीत जास्त चार, कारण आणि परिणाम जोडून दाखवण्याला चार, मर्यादा किंवा दुसरी बाजू ओळखण्याला दोन. यातला ‘जास्तीत जास्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. माहिती चाराच्या वर जात नाही, मग विद्यार्थ्याने दहा नावे लिहिली असोत की पंधरा. पहिल्या उत्तरात आनंदीबाईंविषयीची माहिती बरोबर आहे, तिला तीन. फुले, रमाबाई आणि कर्वे यांची वाक्ये खरी आहेत, पण प्रश्नाला चिकटत नाहीत, त्यांना काही नाही. जोडणी नाही, मर्यादा नाही. शेवटचे ‘अशा प्रकारे’ आधीच्या कशातूनच निघत नाही. दुसऱ्या उत्तरात माहिती आहे पण सनाशिवाय, म्हणून दोन. स्त्री-विभागाला स्त्री-डॉक्टर का हवी, हे कारण त्याने दिले, आणि शिक्षण एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून होते हेही दाखवले, त्याला तीन. मर्यादेचे दोन्ही गुण. एकूण सात. त्याने १८८६ आणि १८८७ ही दोन सने लिहिली असती तर आठ झाले असते, आणि हे त्याला सांगायलाच हवे. सन लागतो. नेमणूक आणि मृत्यू यांत किती कमी अंतर होते हे सनाशिवाय कळत नाही.

आता कुणी म्हणेल, जोडणी आहे की नाही हे ठरवणे मनाचा खेळ झाला, एक तपासनीस चार देईल आणि दुसरा एक. ही शंका योग्य आहे. म्हणून मी एक साधी कसोटी वापरते. उत्तरातली वाक्ये मनातल्या मनात उलटसुलट करून पाहायची. शेवटचे वाक्य वर, मधले खाली. उत्तराचे काहीच बिघडले नाही, तर ती यादी आहे. पहिल्या उत्तरात कर्व्यांचे वाक्य रमाबाईंच्या आधी आणले, फुल्यांचे शेवटी नेले, तरी फरक पडत नाही. दुसऱ्यात ‘पण त्यांना शिकायला अमेरिकेला जावं लागलं’ हे वाक्य सुरुवातीला आणून पाहा, ‘पण’ अधांतरी राहते. त्या वाक्याला आधीचे वाक्य लागते. जिथे वाक्यांना एकमेकांची गरज आहे तिथे जोडणी आहे.

यातही एक फसगत आहे. मुले हुशार असतात. आपण ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ यांना गुण देतो हे कळले की पुढच्या वर्षी गाइडमध्येच ते शब्द येतील. ‘फुले यांनी १८४८ मध्ये शाळा काढली, त्यामुळे १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली’ अशी वाक्ये दिसू लागतील. हे वाक्य दिसायला कारणाचे आहे, आत काही नाही. अशा ठिकाणी तपासणाऱ्याने एकच गोष्ट विचारावी: मधली पायरी लिहिली आहे का? पहिल्या शाळांतून शिकलेल्या मुलींचे पुढे काय झाले, त्यांना वरचे शिक्षण कुठे मिळत नव्हते, मग रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुलींच्या हायस्कूलची गरज का वाटली, टिळकांनी त्या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका का केली, यांतली एखादी तरी पायरी हवी. पायरी नसेल तर ‘त्यामुळे’ला गुण नाही.

याच्या उलट चूकही होते आणि ती मला जास्त सलते. मुद्दे क्रमांक घालून लिहिले की काही जण त्याला घोकंपट्टी समजतात. क्रमांक घातल्याने उत्तर यादी होत नाही. कागल, राधानगरी, शाहूवाडीकडून येणारी, घरात पहिल्यांदाच शिकणारी कितीतरी मुले लांब परिच्छेद लिहायला घाबरतात, पण तीन छोट्या मुद्द्यांत नेमके कारण सांगतात. त्यांच्या लिखाणात ‘आनि’ असते, ‘न’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल असते. इतिहासाच्या पेपरात त्याचा गुण कापू नका. भाषेचा पेपर वेगळा आहे. आणि सफाईदार, प्रौढ शब्दांच्या माळा लावलेल्या उत्तराला केवळ भाषेसाठी गुण देऊ नका. ‘स्त्रीमुक्तीची पहाट उगवली’ या वाक्यात माहितीही नाही आणि कारणही नाही.

एकाच गठ्ठ्यात पाच-सहा उत्तरपत्रिकांत शब्दशः तेच परिच्छेद आले तर? आले तर येऊ देत. ते वाक्य प्रश्नाला लागू आहे का एवढेच पाहावे. पाठ केलेले वाक्य योग्य जागी वापरले असेल तर त्याचे गुण त्याला मिळावेत. पाठांतर हा गुन्हा नव्हे. आपला आक्षेप आहे तो पाठांतर प्रश्नाकडे न पाहता ओतले जाते त्याला.

कोल्हापूरच्या उत्तरपत्रिकांत दोन खास गोंधळ दिसतात. त्यांच्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तपासणाऱ्यांचाही त्यात गोंधळ होतो.

पहिला शाहू महाराजांचा. आपल्याकडच्या मुलाने समाजसुधारणेच्या उत्तरात शाहू महाराजांना आणले नाही तर नवलच. पण प्रश्न एकोणिसाव्या शतकाचा आहे. महाराज गादीवर आले १८९४ मध्ये. त्या शतकातली त्यांची वर्षे थोडीच. राखीव जागांचा हुकूम १९०२ चा. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय, विधवा पुनर्विवाहाचा कायदा, स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा हे सगळे १९१७ आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतले. मग मुलाने हे लिहिले तर पूर्ण शून्य द्यायचे का? कसे लिहिले त्यावर ते ठरते. ‘एकोणिसाव्या शतकात शाहू महाराजांनी सक्तीचे शिक्षण केले’ हे चूक आहे, त्याला गुण नाही. आदर वाटतो म्हणून गुण देणे हा महाराजांचाही मान नाही. पण कुणी लिहिले, ‘एकोणिसाव्या शतकात शाळा काढणाऱ्यांच्या हाती सक्ती नव्हती, पालकाने मुलगी पाठवली तर पाठवली, सक्ती आणायला सत्ता लागते आणि ती कोल्हापुरात १९१७ मध्ये वापरली गेली’, तर ते उत्तम. त्याने पुढच्या शतकाचा दाखला देऊन आधीच्या शतकाची मर्यादा दाखवली. त्याला मर्यादेचे दोन्ही गुण आनंदाने द्या.

दुसरा गोंधळ रखमाबाई या नावाचा. एक डॉ. रखमाबाई, ज्यांनी लहानपणी झालेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ पासून त्यांच्यावर मुंबईच्या न्यायालयात खटला चालला आणि नंतर त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. दुसऱ्या रखमाबाई केळवकर, कोल्हापूरच्या. शाहू महाराजांच्या काळात त्यांच्यावर संस्थानातल्या मुलींच्या शाळांची जबाबदारी होती. त्यांची मुलगी कृष्णाबाई केळवकर महाराजांच्या आश्रयाने वैद्यकीय शिक्षण घेऊन कोल्हापूरच्या हॉस्पिटलात डॉक्टर झाल्या. एक रखमाबाई स्वतः डॉक्टर, दुसऱ्यांची मुलगी डॉक्टर, त्यामुळे मुले दोघींचे एकच चरित्र करतात. हा गोंधळ माहितीच्या चार गुणांतून एक कमी करण्यापुरता आहे. त्यावरून सगळे उत्तर खोडू नका. उलट आनंदीबाईंनंतर कृष्णाबाई, हा दुवा जो विद्यार्थी पकडतो त्याला विषय कळला आहे. आनंदीबाईंच्या मागे नवऱ्याचा हट्ट आणि परक्या देशातल्या एका कुटुंबाची माया होती. कृष्णाबाईंच्या मागे शिकलेली, नोकरी करणारी आई होती आणि संस्थानाचा आधार होता. दोघींमधले हे अंतर म्हणजेच या विषयातली खरी वाटचाल.

आणखी एक गोष्ट तपासताना डोळ्यांसमोर ठेवावी. बहुतेक उत्तरांत स्त्रिया कर्म असतात आणि सुधारक कर्ता. सुधारकांनी स्त्रियांना शिकवले, सुधारकांनी स्त्रियांचा उद्धार केला. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आहे. शाळा निघून सात वर्षेच झाली होती. ‘फुल्यांच्या शाळेचा परिणाम काय झाला?’ या प्रश्नाला याहून ठोस पुरावा नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले ते एका तरुण विधवेला झालेल्या शिक्षेच्या बातमीने अस्वस्थ होऊन. या दोघींचे नाव यादीत एक ओळ म्हणून आले तर त्याला माहितीचा गुण द्या. पण त्यांनी काय म्हटले आणि का म्हटले हे एका वाक्यात जरी आले, तर ते जोडणीच्या खात्यात धरा. तिथे विद्यार्थ्याने स्त्रीला बोलताना पाहिले आहे.

मते वेगळी असली तरी गुण मिळाले पाहिजेत. एक मुलगी लिहील की पुण्या-मुंबईतल्या सुधारकांचे बरेचसे काम उच्चवर्णीय विधवांभोवती फिरले, शेतकरी आणि अस्पृश्य घरांतल्या मुलींपर्यंत पोचले ते फुल्यांचे काम. दुसरा लिहील की कायदा आणि वरचे शिक्षण यांच्याशिवाय काहीच टिकले नसते, म्हणून रानड्यांचा मार्ग जास्त महत्त्वाचा. तपासणारा यांतल्या एका बाजूचा असतो, असणारच. दोघांनी कारण दिले असेल तर दोघांना सारखे गुण. शारदा सदनाचे प्रकरण हीच परीक्षा घेते. तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. यात रमाबाईंची बाजू घेणारे उत्तर आणि पालकांची भीती समजून घेणारे उत्तर, दोन्ही चांगली असू शकतात.

कॅप सेंटरवर बसलेल्या सहकाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. समोर गठ्ठा असतो, वेळ कमी असतो, नियामकाकडे नमुना जाणार असतो. छापील गुणदान योजना मोडून आपल्या मनाने गुण देणे तिथे बरोबर नाही आणि मी तसे सुचवतही नाही. पण पहिल्या दिवशी नियामकांबरोबर बैठक असते. तिथे दोन-तीन उत्तरपत्रिका सगळ्यांनी मिळून तपासाव्यात, एक यादीची आणि एक कारणाची, आणि गुण कुठे जुळत नाहीत ते बोलून घ्यावे. ‘समर्पक स्पष्टीकरणास गुण द्यावेत’ असे वाक्य गुणदान योजनेत असेल तर ते वाचून दाखवावे आणि त्याचा अर्थ ठरवून घ्यावा. घटक चाचणी, सहामाही, सराव परीक्षा या तर आपल्याच हातात आहेत. तिथे वर सांगितलेली चार-चार-दोनची वाटणी उद्यापासून करता येईल. फक्त ती मुलांना आधी सांगा. परीक्षेनंतर नियम बदलणे अन्यायाचे होईल.

आईवडिलांना एवढेच सांगते: मुलगी सन घडाघडा म्हणून दाखवते तेव्हा तिला थांबवून कुठल्याही दोन सनांवर बोट ठेवा आणि मधल्या वर्षांत काय अडले होते ते विचारा. तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नसले तरी चालेल. ती पुस्तक उघडून शोधेल, आणि नाही सापडले तर शाळेत येऊन आम्हाला विचारेल. आजी-पणजीचे लग्न कितव्या वर्षी झाले, शाळा कितवीला सुटली हे घरात ठाऊक असेल तर तेही तिला सांगा. एकोणिसाव्या शतकातला तो अडथळा किती लांबपर्यंत टिकला हे तिला आपोआप कळेल.

प्रश्न काढणाऱ्यांसाठी शेवटी काही नमुने देते. ‘आढावा घ्या’ आणि ‘कार्य स्पष्ट करा’ यांच्याऐवजी हे वापरून पाहा: पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा निघूनही मुलींच्या हायस्कूलला १८८४ का उजाडले? विधवांचा प्रश्न सुटल्याशिवाय शिक्षिका मिळणे कठीण होते, हे पटवून द्या किंवा खोडून काढा. १८५६ च्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली, तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केल्यावर त्यांना गावाने वाळीत का टाकले? संमतिवयाचा १८९१ चा कायदा दहाची मर्यादा बारा करणारा होता. एवढ्या लहान बदलावर एवढे मोठे वादळ का उठले? या प्रश्नांत जिथे सन लागतो तिथे तो आम्हीच देऊन टाकला आहे. विद्यार्थ्याला तो पाठ असण्याची गरज उरलेली नाही, आणि वर्गात पुस्तक उघडे ठेवून परीक्षा घेतली तरी हे प्रश्न सोपे होत नाहीत. येत्या सहामाहीत यांतला एक तरी प्रश्न घालावा, आणि आलेल्या उत्तरांतली सर्वात चांगली दोन, मुलांची नावे झाकून, वर्गात मोठ्याने वाचून दाखवावीत.